कॅरम आधी उलटा करून पाहा

गेल्या पावसाळ्याआधी लेकीसाठी कॅरम घेतला. आरशासारखा चकचकीत, आणि भावही बेताचा. आपल्या बेळगावच्या पावसात तो श्रावणापर्यंत मधोमध दबला. सोंगट्या आपसूक आतल्या बाजूला वळू लागल्या आणि लेकीचा नेमही त्या वळणाला सरावला. शाळेच्या स्पर्धेत सपाट बोर्डावर तिच्या सोंगट्या भोकाशेजारून गेल्या. घरी येऊन म्हणाली, "बाबा, तिथला बोर्ड वाकडा होता." वाकडा आमचाच होता!

दुसरा घेताना क्लबात खेळणाऱ्या शेजारच्या अण्णांना बरोबर नेले. मी पॉलिशवरून हात फिरवतोय तोच ते म्हणाले, "सर, मोदल हिंदे नोड्री." आधी मागची बाजू पाहा!

बोर्ड उलटा केला. प्लायला आधार देणाऱ्या लाकडी पट्ट्या तिथेच दिसतात. पट्ट्या मोजक्या आणि प्लाय पातळ असेल, तर दमट हवेत पोट सुटणारच. स्पर्धेच्या नियमात प्लाय किमान ८ मिलिमीटर लागतो. क्लबवाले त्याहून जाड पसंत करतात. काठ शिसवी किंवा बाभळीसारख्या कठीण लाकडाचा हवा. मऊ लाकडावर आपटलेला स्ट्रायकर मेल्यासारखा परत येतो. तळरेषेवरून जोरात मारलेला स्ट्रायकर बोर्डावर साडेतीन फेऱ्या करतो, ही नियमातलीच कसोटी. चार कोपऱ्यांच्या सांध्यांत नखही शिरता कामा नये.

मग अण्णांनी पोलादी पट्टी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी ठेवली आणि खालून उजेड दिसतो का ते पाहिले. घरच्या बोर्डासाठीही त्यांनी एक युक्ती सांगितली. स्ट्रायकर हळूच ढकला. तो एका बाजूला वळला, तर बोर्ड पाव फेरा फिरवून पुन्हा ढकला. वळण बोर्डाबरोबर फिरले तर दोष बोर्डाचा. ते खोलीतल्या त्याच भिंतीकडे राहिले तर दोष टेबलाचा. टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा सरकवला की काम झाले.

चकाकीचे काय? पॉलिश गुळगुळीत आणि सारखे बसलेले हवे, पण जाड नको. जाड थर उन्हाळ्यात चिकटतो आणि बोरिक पावडरही त्यावर फार काळ उपयोगी पडत नाही.

स्ट्रायकरचे वजन १५ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. आम्ही तो सोनाराच्या काट्यावर घातला. मग काचेवर ठेवून कडेला बोट दाबले; डुगडुगला असता तर परत दिला असता.

स्पर्धा खेळणाऱ्यांच्या तोंडी सिस्का, सुरको, सिंको ही नावे असतात. पण एकाच कंपनीचे हलके आणि भारी असे दोन्ही बोर्ड मिळतात. म्हणून नाव वाचून झाले, तरी बोर्ड उलटा करायला विसरू नका.

लेक आता पुन्हा सरळ नेम धरायला शिकते आहे. जुनी सवय मोडायला मात्र वेळ लागतोय.