पगार सुरू झाल्यानंतरचे समुपदेशन

नोकरी गेल्यामुळे दुरावलेली जोडपी आपल्याकडे येतात तेव्हा बहुतेक वेळा नोकरी पुन्हा लागलेली असते. बेकारीच्या काळात समुपदेशनाला वेळ, पैसे आणि हिंमत या तिन्हींची वानवा असते. शिवाय ‘एकदा नोकरी लागू दे, सगळं ठीक होईल’ या आशेवर दोघेही दिवस ढकलत असतात. मग नोकरी लागते, हप्ते सुरळीत होतात आणि तरी घरात शब्द फुटत नाही, तेव्हा ती आपल्या दारात उभी राहतात. आपणही त्यांना ठरलेला सल्ला देऊन टाकतो: रोज अर्धा तास एकमेकांशी बोला, आठवड्यातून एकदा दोघेच बाहेर जा. हा सल्ला वाईट नाही, पण त्याचा क्रम चुकतो, असे माझे मत आहे. या जोडप्यांमध्ये प्रेमाच्या आधी माहिती आटलेली असते. एकाच छपराखाली त्यांनी दोन वेगवेगळी वर्षे काढलेली असतात, आणि एकाचे वर्ष दुसऱ्याला ठाऊकच नसते.

एकाच घरातल्या दोन वेगळ्या वर्षांची ही गोष्ट नवी नाही. ऑस्ट्रियातल्या मारिएन्थाल गावातली गिरणी बंद पडल्यावर मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल यांनी तिथल्या कुटुंबांचा अभ्यास केला. तो १९३३ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी लोकांकडून दिवसभराचे वेळापत्रक भरून घेतले. पुरुषांना सकाळ ते दुपार काय केले हे धड सांगताच येईना. बायकांचा दिवस मात्र घरकामाने आणि कमी पैशांत घर चालवण्याच्या खटपटीने गच्च भरलेला होता. म्हणजे बेकारी एकाच घरात दोन तऱ्हांनी जगली जाते. पुढे १९९६ साली व्हिनोकर, प्राइस आणि कॅप्लन यांनी नोकरी गेलेल्या व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार यांच्यावर केलेल्या अभ्यासात पुढची कडी दिसली. पैशाच्या ताणाने नोकरी गेलेलाच नव्हे, तर जोडीदारही खचतो. खचलेल्या जोडीदाराकडून मिळणारा आधार कमी होतो आणि टोचून बोलणे वाढते. आपण ज्याला ‘तिची साथ नव्हती’ किंवा ‘त्याचा स्वभाव बदलला’ म्हणून नोंदवतो, त्यातले बरेचसे इथून आलेले असते.

समजा, चिंचवडच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यातला पर्यवेक्षक चौदा महिने घरी बसला आहे. पहिल्या दोन महिन्यांत बायको रोज संध्याकाळी विचारते, “काही कळलं का?” तिच्या लेखी ही आस्था असते. त्याला मात्र ती हजेरी वाटते, म्हणून तो उत्तर टाळून चहा घेऊन गॅलरीत जातो. उत्तर मिळत नाही म्हणून ती जास्त विचारते, ती विचारते म्हणून तो जास्त टाळतो. चौथ्या महिन्यात ती विचारणेच थांबवते, आणि त्याला वाटते, हिला आता पर्वा राहिली नाही. पुढे ती बांगड्या गहाण ठेवून शाळेची फी भरते आणि भावाकडून उसने घेते, पण त्याला वाईट वाटेल म्हणून सांगत नाही. तो दोन मुलाखतींत नाकारला जातो आणि तीही गोष्ट पोटात ठेवतो. इथे वाईट हेतूने कुणीच वागलेले नाही. पण पंधराव्या महिन्यात त्याला नोकरी लागते तेव्हा दोघांकडे एकमेकांबद्दल पक्की मते असतात आणि ती ज्यावर बेतली त्या घटना अर्ध्याच माहीत असतात. अशा जोडप्याला आपण हॉटेलात पाठवले, तर तिथे बोलायचे काय?

म्हणून आधी त्या चौदा महिन्यांचा एकत्रित हिशेब मांडावा. दोघांना वेगवेगळे बसवून वहीत तीन रकान्यांत महिनावार लिहायला सांगावे: काय घडले, मी काय केले, आणि मी काय सांगितले नाही. खरे काम तिसरा रकाना करतो. नंतर एकत्र बैठकीत एकाने एक महिना वाचावा, दुसऱ्याने ऐकलेले आपल्या शब्दांत सांगावे, आणि खुलासा किंवा प्रतिवाद त्या बैठकीपुरता बाजूला ठेवावा. एका बैठकीत दोन-तीन महिन्यांपुढे जाऊ नये. बांगड्यांचा महिना येतो तेव्हा साधारण दोनपैकी एक गोष्ट होते. तो “मला का सांगितलं नाहीस?” असे चिडून विचारतो, किंवा त्याच महिन्यात आपणही मुलाखतीचे लपवले होते हे त्याच्या लक्षात येते. दुसरे घडले तर वाट सापडली. पहिलेच घडत राहिले आणि वही आरोपपत्रासारखी वाचली जाऊ लागली, तर थांबावे आणि पुन्हा स्वतंत्र भेटी घ्याव्यात. वाचणाऱ्याच्या वाक्यांची सुरुवात ‘तू’ने होऊ लागली, की ही वेळ आली असे समजावे.

यावर एक आक्षेप हमखास येतो, की जुन्या जखमा कशाला उकरायच्या. लोकांना विसरायचे असते हे खरे आहे, आणि ज्यांना विसरता आले ते आपल्याकडे येत नाहीत. जे येतात त्यांच्या घरी तो काळ दर पंधरा दिवसांनी भांडणाच्या रूपाने आपोआप उकरला जातोच, फक्त तुकड्यांत. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. आपल्याकडची जोडपी तीन-चार भेटींपुरतीच येतात, घरात सासू-सासरे असतात, वही लिहायला एकांत कुठून आणायचा? लिहिण्याचे काम आपल्याच कार्यालयात, भेटीच्या पहिल्या वीस मिनिटांत करून घ्यावे, आणि चौदा महिने नाही जमले तर ज्यांवरून अबोला सुरू झाला असे तीनच महिने निवडावेत. मात्र पहिली भेट दोघांशी वेगवेगळी झालीच पाहिजे. मारहाण, धमकी, दारू किंवा आत्महत्येचे विचार यांचा सुगावा लागला, तर ही पद्धत लावूच नये. त्याने तिचे स्त्रीधन तिला न विचारता विकले असेल, तर ते ‘न सांगितलेले’ या रकान्यात बसवून सौम्य करू नये. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळ हाही हिंसाचारच आहे.

एक अडचण हिशेब पुरा झाल्यावरही उरते, आणि तीच बहुतेक वेळा आपल्या नजरेतून निसटते. त्या काळात बायकोच्या हातात कारभार आलेला असतो: कुणाचे पैसे आधी द्यायचे, मुलाचा क्लास ठेवायचा की सोडायचा. पगार सुरू झाला की नवरा, आणि पुष्कळदा सासूही, गृहीत धरते की आता सगळे पूर्ववत होईल. ती ते कार्ड, तो पासवर्ड, तो निर्णय निमूटपणे परत देते, आणि मग ‘आता सगळं नीट आहे तरी ही गप्प का?’ असा प्रश्न घेऊन तो आपल्याकडे येतो. त्यामुळे कोणता निर्णय कुणाकडे राहणार हे प्रकरण बंद करण्याआधी नावानिशी ठरवून घ्यावे. उसनवारी आणि गहाणवटीची यादी दोघांच्या हाती एकच असावी. आणि पुढची भेट महिन्याच्या हिशेबाने न ठेवता तिसऱ्या पगारानंतर ठेवावी, कारण तोवर पहिले देणे फिटलेले असते आणि पहिला निर्णय कुणी घेतला हेही दिसलेले असते.