चव नोंदवहीवर सही करण्याआधी नाक तपासा



आपल्या वाशिम जिल्ह्यात दिवाळीनंतर थंडी पडते, सोयाबीनच्या मळणीची आणि तुरीच्या काडाची धूळ हवेत असते आणि वर्गात अर्धी मुलं नाक ओढत बसलेली असतात. याच दिवसांत पोषण आहाराच्या पंगतीत "सर, खिचडीले चवच नाही" अशी तक्रार वाढते. बोलणी खाते ती चुलीजवळची ताई. घरीही तेच होतं. आजोबांना सर्दी झाली की सुनेच्या हाताची चव गेली म्हणतात. माझं म्हणणं असं आहे की या दिवसांत चव गेली असं कुणी म्हणालं तर आधी त्याच्या नाकाकडे पाहावं. आणि शाळेत खिचडी वाढण्याआधी ज्याने ती चाखून चव नोंदवहीत सही करायची, त्याचं नाक त्या दिवशी मोकळं असलंच पाहिजे.

हे का म्हणतो, ते समजायला खिचडीचा एक घास घेऊ आणि त्यातलं काय कुठे ओळखलं जातं ते पाहू.

जिभेच्या वाट्याला फार थोडं काम आहे. गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी, म्हणजे शिजलेल्या डाळीत, टोमॅटोत, मटणाच्या रश्श्यात जाणवते ती भरीव चव. एवढ्या पाचच मूळ चवी जीभ ओळखते. जिभेवरच्या रुचिकलिकांमध्ये ज्या पेशी असतात, त्यांच्यावर या पाच चवींसाठी वेगवेगळे ग्राही असतात. ग्राही म्हणजे ठरावीक रेणूच पकडणारी प्रथिनं. घास लाळेत विरघळला की मिठातला सोडियम, लिंबातलं आम्ल, गुळातली साखर आपापल्या ग्राहीला भिडते. तिथून निघालेला संदेश चेतांमार्फत मेंदूच्या देठात जातो आणि तिथून थॅलॅमसमार्गे मेंदूतल्या चवीच्या भागात पोचतो.

खिचडीतलं मीठ जिभेला कळलं. डाळीचा थोडा भरीवपणाही कळला. मग जिऱ्याची फोडणी, लसूण, हळद, करपलेला तळ, जुन्या तांदळाचा कुबट वास हे सगळं कुणी ओळखलं? ते नाकाने ओळखलं. समोरून हुंगून नाही, तर घशाच्या मागच्या वाटेने. घास चावताना त्यातले हलके, उडून जाणारे रेणू तोंडातल्या हवेत मिसळतात. आपण घोट गिळतो आणि श्वास सोडतो तेव्हा ती हवा पडजिभेच्या मागून वर चढते आणि नाकाच्या छतापर्यंत जाते. तिथे दोन्ही बाजू मिळून जेमतेम टपाल तिकिटाएवढा एक पट्टा आहे. त्यात लाखो घ्राणपेशी आहेत आणि माणसात त्यांच्या ग्राहींचे सुमारे 400 प्रकार आहेत. लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी 1991 मध्ये या ग्राहींचं मोठं कुटुंब शोधून काढलं आणि त्यासाठी त्यांना 2004 चं नोबेल मिळालं.

जिऱ्याचा वास म्हणजे एकच ग्राही चेतला, असं नसतं. एक रेणू अनेक ग्राहींना कमीजास्त चेतवतो आणि कोणकोणते ग्राही मिळून चेतले, त्या नक्षीवरून मेंदू ओळखतो की हे जिरं, हे धणे. या पेशींचे धागे चाळणीसारख्या एका हाडाच्या छिद्रांतून थेट वर घ्राणकंदात जातात आणि तिथून मेंदूच्या वासाच्या भागात. पुढे, डोळ्यांच्या खोबणीच्या वरच्या भागात, जिभेचा आणि नाकाचा संदेश एकत्र येतो आणि तेव्हा कुठे आपण म्हणतो की खिचडी खमंग झाली. 'खमंग' हा आपला शब्द बघा. त्यात वास आणि चव वेगळे काढताच येत नाहीत.

मग हे सगळं तोंडातच घडतं असं का वाटतं? कारण घासाचा स्पर्श, ऊब आणि मीठ-आंबट तोंडात जाणवत असतं. त्याच क्षणी आलेला वासही मेंदू तोंडाच्याच खाती टाकतो. म्हणून नाक बंद झालं की "नाक गेलं" असं कुणी म्हणत नाही, "तोंडाची चव गेली" असंच म्हणतात.

सर्दीत नेमकं काय होतं? नाकातलं अस्तर सुजतं आणि शेंबूड दाटतो. वर जायची अरुंद वाट बुजते. घशामागून आलेली हवा त्या तिकिटाएवढ्या पट्ट्यापर्यंत पोचतच नाही. काही वेळा वाट उघडली तरी पट्ट्यालाच सूज असते, म्हणून नाक मोकळं झाल्यावरही दोनचार दिवस वास फिका येतो. जिभेला मात्र यातलं काही होत नाही. मीठ, साखर, लिंबू तिला पूर्वीसारखंच कळतं.

वर्गात हे दाखवायला पाच मिनिटं पुरतात. भाजलेल्या जिऱ्याची बारीक पूड पिठीसाखरेत मिसळा. दुसऱ्या कागदावर धण्याची पूड तशीच पिठीसाखरेत मिसळा. साखर जरा जास्तच ठेवा, म्हणजे पुडीचा कडवटपणा झाकला जाईल. मुलाने आधी डोळे मिटायचे आणि नाक दाबायचं, मगच पुडी जवळ आणायची. हा क्रम चुकला तर ते वासावरून आधीच ओळखतं. चिमूटभर जिभेवर ठेवा आणि चावायला सांगा, पण गिळू देऊ नका. "काय आहे?" विचारलं की बहुतेक मुलं म्हणतात, "गोड आहे, भुरभुरीत आहे." जिरं की धणे ते सांगताना अडखळतात. आता नाक सोडून श्वास बाहेर टाकायला सांगा. पुढच्याच क्षणी चेहरा बदलतो, "जिरं!" तोंडात नवीन काही घातलेलं नाही, फक्त हवेची वाट उघडली.

एक खबरदारी. या प्रयोगाला ओवा, लवंग किंवा पुदिना घेऊ नका. ओवा आणि लवंग तोंडात चुरचुरतात, पुदिना गार लागतो. ही जाणीव वेगळ्या चेतेने जाते आणि नाक दाबलेलं असतानाही मूल बरोबर ओळखतं. मिरचीचं तसंच आहे. तिखट ही आपल्या बोलण्यात चव असली, तरी शरीराच्या हिशेबात ती जळजळ आहे. जो ग्राही चटका ओळखतो, त्यालाच मिरचीतलं कॅप्सेसिन चेतवतं. सर्दीत ठेचा-भाकर हवीशी वाटते ती यामुळेच. नाकाचा रस्ता बंद असताना तिखटाचा रस्ता चालू असतो.

पाठ शिकवताना जिभेचा तो नकाशाही सोडून द्या. टोकाला गोड, मागे कडू, कडेला आंबट असं चित्र अजून काही गाइडांत आणि भिंतीवरच्या तक्त्यांत दिसतं. 1901 मध्ये हेनिग या जर्मन संशोधकाला जिभेच्या वेगवेगळ्या भागांत अगदी थोडा फरक दिसला होता. 1942 मध्ये बोरिंग यांच्या पुस्तकातल्या आलेखावरून पुढे लोकांनी त्याचे कप्पेच पाडले. प्रत्यक्षात रुचिकलिका असलेल्या प्रत्येक भागात सगळ्या चवी कळतात. जिभेच्या टोकावर मेथीची पूड ठेवून बघा, कडू लागते की नाही ते कुठल्याही मुलाला कळेल. त्याने तसं उत्तरपत्रिकेत लिहिलं तर गुण कापू नका.

आता मूळ मुद्द्यावर येतो. सर्दीत नाकाचा रस्ता बंद आणि जिभेचा चालू, म्हणून माणूस चालू असलेला रस्ता वाढवत नेतो. वरून मीठ घेतो, लोणचं मागतो. रक्तदाबाच्या आजोबांनी ताटात मीठ वाढवलं की आधी त्यांचं नाक बघा. वय वाढलं की सर्दीशिवायही वास मंदावतो, हेही लक्षात ठेवा.

शाळेत प्रश्न याहून गंभीर आहे. मुलांना वाढण्याआधी मोठ्यांनी चाखायचं आणि नोंद करायची, हा नियम कशासाठी आहे? मीठ कमी आहे का हे बघायला नाही. तेल खवट आहे का, तांदूळ कुबट आहे का, डाळ आंबली आहे का, भांड्याला किंवा डब्याला औषधाचा वास आहे का, हे बघायला आहे. आंबलेली डाळ सोडली तर यातलं जवळजवळ सगळं नाकाचं काम आहे. 16 जुलै 2013 रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक गेलं आणि 23 मुलं दगावली. स्वयंपाक करणाऱ्या बाईंना तेल बरोबर वाटलं नव्हतं, असं तेव्हा बातम्यांत आलं होतं. आपल्या घराघरांत फवारणीचे डबे असतात, त्यामुळे ही गोष्ट आपल्याला लांबची नाही.

नाक म्हणजे विषाची तपासणी नव्हे, हेही स्पष्ट सांगतो. वास नसलेलं विष आणि बरेच जंतू त्याला कळणारच नाहीत. पण नाकाला जे कळू शकतं, तेही चोंदलेल्या नाकाच्या माणसाला कळत नाही. खिचडीला मीठ बरोबर आहे म्हणून तो मोकळेपणाने सही करतो. खोटं बोलत नाही, त्याला खरंच काही वावगं लागलेलं नसतं. धोका इथेच आहे.

म्हणून एवढंच करा. चाखण्याआधी डब्यातली हिंग किंवा कॉफी, डोळे मिटून, एकेका नाकपुडीने हुंगा. वास आला नाही तर त्या दिवशी चाखायचं काम दुसऱ्याला द्या. चुलीजवळची ताई "तेलाचा वास बरा नाही" म्हणाली, तर तुम्हाला लागत नसला तरी ते तेल वापरू नका. तिचं नाक रोज त्या तेलाशी ओळख ठेवून असतं.

आणि पालकांसाठी घरची तपासणी. मूल किंवा मोठं माणूस "चव नाही" म्हणालं, तर साखर, मीठ, लिंबू जिभेवर ठेवून विचारा. हे कळतंय आणि हिंग-कॉफी कळत नाही, म्हणजे नाकाचा प्रश्न आहे. सर्दी गेली, नाक मोकळं आहे आणि दोन आठवड्यांनंतरही वास येत नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. कोविडच्या काळात नाक न चोंदताही वास गेलेले अनेक जण आपण पाहिले. तिथे वाट बंद नव्हती, तर वासाच्या पट्ट्यातल्या आधार देणाऱ्या पेशींनाच इजा झाली होती. घ्राणपेशी नव्याने तयार होतात, म्हणून अनेकांचा वास परत आला, पण त्याला वेळ लागला. तोवर घरातला गॅस गळतोय का आणि दूध करपतंय का, हे बघायचं काम त्या माणसावर एकट्यावर सोडू नका. उलट साखर-मीठही कळत नसेल, तर मामला जिभेचा, तिच्या चेतांचा किंवा चालू असलेल्या औषधांचा असू शकतो. तेही डॉक्टरांना सांगा.

तुमच्या शाळेत चव नोंदवहीवर सही कोण करतं आणि त्याला सर्दी झाली तर पर्यायी माणूस कोण, हे येत्या बैठकीत ठरवून टाका.