परदेशांतील मराठीची खोटी मोजदाद

रत्नागिरीच्या एका महाविद्यालयीन तरुणानें परदेशीं राहणाऱ्या मराठी कुटुंबांची एक लहानशी पाहणी हातीं घेतली आहे. त्याची प्रश्नावली परवां आम्हीं पाहिली. 'आपण घरीं मराठी बोलतां काय?' हा तींतील मुख्य प्रश्न. उत्तरें आईबापांनीं लिहिलेलीं आणि बहुतेक सर्वांचें 'होय'! यावरून मराठी सातासमुद्रांपलीकडे सुखरूप आहे, असें अनुमान काढावयास तो सिद्ध झाला होता. आमचें स्पष्ट मत असें कीं, या प्रश्नानें आईबापांचा अभिमान तेवढा मोजला जातो.

मॉरिशसचें उदाहरण घ्या. १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर करारानें गेलेल्या मजुरांत कोंकणचीं माणसेंही होतीं. त्यांच्या वंशजांचा गणपति आजही बसतो, चतुर्थीस तेथें सरकारी सुटी असते, शाळांतून मराठी शिकवितात. परंतु २००० सालच्या तेथील शिरगणतींत पूर्वजांची भाषा कोणती आणि घरीं नेहमीं बोलतां ती कोणती, असे दोन निराळे प्रश्न होते. पहिल्यास 'मराठी' म्हणणारांच्या मानानें दुसऱ्यास तसें म्हणणारे फारच थोडे निघाले. घरांत क्रिओल शिरली होती. आमच्या तरुण मित्रानें हे दोन प्रश्न एकत्र कालवले आहेत.

त्यानें ज्यांस प्रश्न विचारले त्यांपैकीं एक कुटुंब उन्हाळ्यांत आमच्या शेजारीं आलें होतें. बापाचें उत्तर अर्थातच 'होय'. आजीनें नऊ वर्षांच्या नातवास विचारलें, "काल काय काय खाल्लंस रे, बाळा?" मुलाला प्रश्न नीट समजला. तो म्हणाला, "मी आंबा खाल्ला. मी पोळी खाल्ला." आजी हंसली, पण संशोधकानें येथेंच कान टवकारावयास हवे होते. भूतकाळीं 'खाणें' हें क्रियापद खाणाराच्या लिंगानें न चालतां खाल्लेल्या वस्तूच्या लिंगानें चालतें: आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळें खाल्लें. इकडचें पोर हें शाळेंत जाण्यापूर्वींच कोणी न शिकवितां बोलतें. ऐकून समजणें आणि स्वतः बोलणें यांमधील अंतर अशा ठिकाणीं उघडें पडतें. 'होय-नाहीं'च्या चौकटींत तें कधींच दिसणार नाहीं.

तेव्हां आईबापांस सोडून मुलांस गांठावें. त्यांस कालची हकीकत दोन मिनिटें सांगूं द्यावी व ती जशीच्या तशी टिपावी. आणि भावंडें आपसांत कोणत्या भाषेंत भांडतात, हें अवश्य विचारावें! थोरलें मूल शाळेंतली भाषा घरीं आणतें आणि धाकट्याच्या कानीं मराठी त्या मानानें कमीच पडते. म्हणून एकट्या थोरल्याची मुलाखत फसवी ठरते. शिवाय महाराष्ट्र मंडळांच्या याद्यांवरून निवडलेलीं कुटुंबें मुळांतच भाषेची आस्था असलेलीं असतात. वीस-पंचवीस घरांच्या अशा पाहणीवरून शेंकडेवारी काढणें हा शुद्ध पोरखेळ होय.

तरुण थोडा रागावला खरा. तथापि त्या मुलाच्या धाकट्या बहिणीशीं बोलावयास त्यानें आजीकडून वेळ मागून घेतली आहे.