अर्जुनाला आता सुट्टी द्या!

परवा रविवारी आमच्याकडे रामदासपेठेत दुपारच्या जेवणाला नेहमीची मंडळी जमली होती. पंगत उठल्यावर भाचीने दहा मीटर एअर पिस्तुलाचा सराव सुरू केल्याची बातमी फुटली. काकांनी लगेच सुपारी कातरता कातरता सांगितलं, "एकच लक्षात ठेव बेटा. अर्जुनाला फक्त पक्ष्याचा डोळा दिसत होता." मावशीने पुढची पायरी गाठली, "तिचा नंबर तपासून घे रे, इथे काय दवाखान्यांना तोटा आहे?"

मी तेव्हा गप्प बसलो, कारण काका मोठे. पण इथे बोलतो. एअर पिस्तूल शिकणाऱ्या पोराला अर्जुनाची गोष्ट सांगणं म्हणजे त्याला मुद्दाम चुकीचं शिकवणं आहे. अर्जुनाच्या धनुष्याला मागेपुढे साइट नव्हत्या हो! पिस्तुलाला आहेत आणि सगळा घोळ तिथेच आहे.

पिस्तुलाच्या मागच्या टोकाला एक चौकोनी खाच असते, तिला रिअर साइट म्हणतात. पुढच्या टोकाला एक चौकोनी खुंटी असते, ती फ्रंट साइट. खुंटी खाचेच्या बरोबर मधोमध हवी, दोन्ही बाजूंना सारखा उजेड हवा आणि दोघींची वरची कड एका रेषेत हवी. हात सरळ केल्यावर खुंटी डोळ्यापासून साधारण मीटरभर अंतरावर येते आणि टार्गेट असतं दहा मीटरवर. माणसाचा डोळा एका वेळी दोन्ही स्पष्ट पाहूच शकत नाही. म्हणजे एक काहीतरी धूसर ठेवावंच लागतं. अर्जुन म्हणतो टार्गेट स्पष्ट ठेव. खेळ म्हणतो खुंटी स्पष्ट ठेव, टार्गेट धूसर झालं तरी चालेल.

का चालेल? जरा हिशेब करू. टार्गेटवरच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास 11.5 मिलिमीटर, छर्रा 4.5 मिलिमीटरचा. छर्रा वर्तुळाच्या रेषेला शिवला तरी दहा मिळतात, म्हणजे त्याचं केंद्र मध्यापासून 8 मिलिमीटरपर्यंत चुकलं तरी दहाच. आता समजा खुंटी आणि खाच अगदी जुळलेल्या आहेत, पण हात हलतोय आणि नेम 5 मिलिमीटर बाजूला गेला. छर्रा 5 मिलिमीटर बाजूला लागेल. दहा!

आता उलटं करा. नेम बरोबर जागी आहे, पण खुंटी खाचेत फक्त 1 मिलिमीटर सरकली. दोघींमधलं अंतर धरा 33 सेंटिमीटर. दहा मीटर म्हणजे त्याच्या तीसपट, म्हणून छर्रा मध्यापासून 30 मिलिमीटर दूर लागणार. सात! हात पाच मिलिमीटर हलला तर माफ, खुंटी एक मिलिमीटर हलली तर तीन गुण गेले. मग लक्ष कुठे ठेवायचं, पक्ष्याच्या डोळ्यावर की खुंटीवर?

म्हणूनच बहुतेक पिस्तूलवाले काळ्या वर्तुळाच्या मधोमध नेम धरतच नाहीत. ते काळ्याच्या खाली, पांढऱ्या भागात एक "जागा" ठरवतात, साइट तशी लावून घेतात आणि खुंटी त्या जागेत तरंगू देतात. तरंगू देतात, बरं का. हात स्थिर होत नाही, कोणाचाच. शूटर ते मान्य करतो. "आता बरोबर मध्यावर आलं, दाब!" म्हणणारा नवशिका ट्रिगरला हिसका देतो आणि खुंटी खाली झुकते.

भाचीचं नेमकं हेच चाललं होतं. उजव्या हाताची मुलगी, आणि तिचे छर्रे सारखे खाली डावीकडे, घड्याळातल्या सातच्या दिशेला. रेंजवर कोणीतरी म्हणालं, साइटचे स्क्रू फिरव. मावशीचा चष्मा तर तयारच होता. मी टार्गेटचा कागद उलटा लावला, कोरी पांढरी बाजू पुढे. म्हटलं, आता नेम धरायला काहीच नाही, फक्त खुंटी बघ आणि ट्रिगर सरळ मागे आण. दहा छर्रे मारले. कोऱ्या कागदावरचा पुंजका काळ्या वर्तुळावरच्या पुंजक्यापेक्षा लहान आला! डोळ्यात दोष असता किंवा साइट बिघडलेली असती, तर कागद उलटवून फरक पडला नसता. दोष काळं वर्तुळ बघण्याच्या हव्यासात होता.

त्यानंतर तिचा सराव म्हणजे घरातली पांढरी भिंत. छर्रा न घालता पिस्तूल उचलायचं, ट्रिगर सोडायचा आणि "टक्" वाजताना खुंटी हलली का ते बघायचं. हलली तर कुठे हलली तेही दिसतं. अंगठा दाबला की एका बाजूला, करंगळी आवळली की खाली. ग्रिप म्हणजे घट्ट हस्तांदोलन: मधलं आणि त्याच्या शेजारचं बोट सरळ मागे दाबणार, अंगठा नुसता टेकलेला, मनगट कुलूप लावल्यासारखं. ट्रिगरचं बोट या सगळ्यांपासून वेगळं, एकटंच हलणारं. नियमाप्रमाणे ट्रिगरला कमीत कमी 500 ग्रॅम दाब लागतो. तो दाब बोटाने द्यायचा आहे, पूर्ण पंजाने नाही.

उभं राहण्याचंही तसंच. टार्गेटला जवळजवळ आडवं उभं राहायचं, दुसरा हात खिशात. डोळे मिटून हात उचलायचा आणि डोळे उघडायचे. पिस्तूल टार्गेटच्या डावीकडे किंवा उजवीकडे दिसलं तर हाताने ओढून आणायचं नाही, मागचा पाय सरकवायचा. हाताने ओढलं की पुढच्या 60 शॉट्सपर्यंत खांदा भांडत राहतो.

आणि श्वास. काका म्हणतात, "श्वास रोखून धर." तेही अर्धवटच खरं. श्वास घेत हात उचलायचा, थोडा सोडत खाली जागेवर आणायचा, आणि मग जो नैसर्गिक थांबा येतो त्या सहा-आठ सेकंदांत शॉट सुटला पाहिजे. नाही सुटला तर हात खाली. रोखून धरत बसलं की हात थरथरतो, नजर मळते आणि माणूस घाईने दाबतो. पात्रता फेरीत 60 शॉट्सना 75 मिनिटं मिळतात, हात खाली घ्यायला भरपूर वेळ आहे. खाली घेणं मात्र कोणी शिकवत नाही, कारण ते हरल्यासारखं दिसतं.

28 जुलै 2024 ला पॅरिसमध्ये मनू भाकर 221.7 वर थांबली, रौप्यासाठी पुढे राहिलेल्या किम येजीपेक्षा फक्त 0.1 ने मागे. टार्गेटवर 0.1 म्हणजे 0.8 मिलिमीटर. वरचं गणित लावा: खुंटी खाचेत केसाच्या जाडीपेक्षाही कमी हलली तरी तेवढा फरक पडतो. दहा मीटरवर काळ्या वर्तुळाकडे टक लावून तो फरक दिसणार आहे का?

काका हे वाचणार, मला माहीत आहे. काका, राग नसावा. पुढच्या रविवारी या, भिंतीसमोर उभे राहा, पिस्तूल हातात देतो. टार्गेट लावणार नाही. खुंटी दहा वेळा न हलवता "टक्" करून दाखवा, मग अर्जुनावर बोलू.

असो. भाचीचे छर्रे आता सातच्या दिशेला जात नाहीत. चष्मा अजून लागलेला नाही.