'नाइस' काढून 'ब्रेथटेकिंग' टाकलं, तरी गुण का वाढत नाहीत? धाकटी डहाणूच्या वलांडीवरून समजून घ्या

परदेशी शिक्षण किंवा नोकरीसाठी आयईएलटीएस देणाऱ्यांना सगळ्यात जास्त धाकधूक असते ती बोलण्याच्या परीक्षेची. ११ ते १४ मिनिटांची ही समोरासमोरची मुलाखत तीन भागांत होते. त्यातला दुसरा भाग अनेकांना अडवतो. हातात एक कार्ड येतं, त्यावर एक विषय असतो: पाण्याजवळच्या एखाद्या जागेचं वर्णन करा, तुमच्यावर छाप पाडणाऱ्या व्यक्तीबद्दल सांगा, एखादा न विसरता येणारा प्रसंग सांगा. तयारीला एक मिनिट, कागद आणि पेन्सिल मिळते. मग एक ते दोन मिनिटं एकट्याने बोलायचं.

समजा, धाकटी डहाणूतल्या एका मुलीला 'पाण्याजवळची जागा' हे कार्ड आलं. घर किनाऱ्यालाच, म्हणजे विषय हातचा. पण बोलायला लागल्यावर बाहेर पडतं ते असं: 'माय व्हिलेज इज व्हेरी नाइस. द बीच इज व्हेरी ब्युटिफुल. पीपल आर व्हेरी गुड.' वीस सेकंदांत सगळं संपलं. आता उरलेला वेळ भरायचा कसा?

यावर क्लासमध्ये मिळणारा ठरलेला उपाय म्हणजे शब्दांची यादी. 'नाइस' खोडा, 'मॅग्निफिसंट' लिहा. 'ब्युटिफुल' नको, 'ब्रेथटेकिंग' म्हणा. हा उपाय फसवा आहे. मुलगी म्हणते, 'माय व्हिलेज इज व्हेरी ब्रेथटेकिंग', आणि इथेच पहिली चूक होते. 'ब्रेथटेकिंग', 'एनॉर्मस', 'एक्झॉस्टेड' या शब्दांत 'फार' हा अर्थ आधीच असतो, म्हणून त्यांच्यामागे 'व्हेरी' लागत नाही, 'अ‍ॅब्सोल्युटली' लागतं. मराठीत कुणी 'खूप अफाट' म्हटलं तर जसं कानाला खटकेल, तसंच हे. दुसरी अडचण त्याहून मोठी. गावाला 'मॅग्निफिसंट' म्हटल्यावरही ऐकणाऱ्याला गाव दिसत नाही ते नाहीच.

परीक्षक नेमकं काय तपासतो?

बोलण्याचे गुण चार निकषांवर ठरतात: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार. चारही निकषांचं वजन सारखं आहे. म्हणजे शब्दांच्या वाट्याला फक्त एक चतुर्थांश गुण येतात. पाठ केलेला जड शब्द आठवण्यासाठी मुलगी तीन सेकंद थांबली तर ओघाचे गुण गेले, आणि शब्द अडखळत उच्चारला तर उच्चाराचे. एका खिशात टाकायला दोन खिसे फाडल्यासारखं झालं.

शब्दसंपत्तीच्या निकषातही जड विशेषणं मोजली जात नाहीत. सातव्या बँडच्या वर्णनात कमी वापरातले शब्द येतात, पण त्याच दमात शब्दांची जोडी जुळते का, हेही येतं. इंग्रजीत जोराचा पाऊस 'हेवी' असतो, 'बिग' नसतो. तिखट वास 'स्ट्राँग' असतो, 'हाय' नसतो. आणखी एक गोष्ट पाहिली जाते: नेमका शब्द सुचला नाही तर अर्थ वळसा घालून पोचवता येतो का? ही शेवटची गोष्ट किनाऱ्यावरच्या मुलांच्या खास फायद्याची आहे.

आता तेच कार्ड पुन्हा

धाकटी डहाणूत बोंबील वाळतात. डोल जाळ्यात आलेला ओला बोंबील धुऊन, दोन-दोन माशांचे जबडे एकमेकांत अडकवून वलांडीवरच्या दोरीवर टांगतात. यात 'नाइस' कुठेच नाही, पण पाहण्यासारखं बरंच काही आहे. मुलीने बोलायचं ते हे. 'वलांडी'ला इंग्रजी शब्द कुठून आणायचा, म्हणून ती गप्प बसते. त्याऐवजी मराठी शब्द तसाच वापरून पुढे सांगता येतं: 'वी कॉल इट वलांडी. इट्स अ बॅम्बू फ्रेम विथ रोप्स, व्हेअर वी हँग द फिश टू ड्राय.' सगळे शब्द शाळेतले, पण चित्र पूर्ण. वळसा घालून अर्थ पोचवणं म्हणतात ते हेच. (बोंबलाला मात्र इंग्रजीत तयार नाव आहे, 'बॉम्बे डक'. मासा असून बदक का, हे सांगण्यात चार वाक्यं सहज निघतात.)

पुढचं वाक्य वासाचं: 'द स्मेल इज सो स्ट्राँग दॅट व्हिजिटर्स कव्हर देअर नोजेस, बट वी डोन्ट इव्हन नोटिस इट.' इथे वर्णनाचं काम विशेषणाने केलेलं नाही, 'कव्हर' आणि 'नोटिस' या क्रियापदांनी केलं आहे. वाक्यही आपोआप लांब झालं, म्हणजे व्याकरणाच्या निकषालाही हात लागला.

माणसाचंही तसंच. 'माय आंट इज व्हेरी हार्डवर्किंग अँड काइंड' हे कुणाच्याही आत्याला लागू पडतं. पण वलांडीखाली उभी राहून, मान वर करून तासन् तास मासे अडकवणारी, बोटं खारवून चिरलेली, आणि भाव पाडून मागणाऱ्याकडे न बघताच 'पुढे जा' म्हणणारी आत्या एकच. 'शी डझन्ट इव्हन लुक अप व्हेन समवन बार्गेन्स' एवढं म्हटलं की स्वभाव कळला. त्यानंतर 'स्टबर्न' हा एक शब्द जोडला तर तो शोभतो, कारण त्याचा पुरावा आधीच दिलेला असतो.

अनुभवाच्या कार्डावर मुलं भावनेचं नाव सांगून मोकळी होतात: 'आय वॉज व्हेरी टेन्स्ड.' मुळात 'टेन्स्ड' हा आपल्याकडचाच प्रकार, इंग्रजीत 'टेन्स' किंवा 'वरीड'. पण शब्द सुधारला तरी प्रसंग उभा राहत नाही. अवकाळी पाऊस आला आणि मासे वलांडीवर होते, ही या किनाऱ्यावरची खरी आपत्ती. भिजलेला बोंबील सडतो, त्यात किडे पडतात, विकायला काही उरत नाही. 'वी रॅन आउट बेअरफूट अँड स्टार्टेड पुलिंग द फिश ऑफ द रोप्स. बाय द टाइम वी फिनिश्ड, वी वेअर ड्रेंच्ड अँड हाफ ऑफ इट वॉज रुइन्ड.' यात 'ड्रेंच्ड' आणि 'रुइन्ड' हे दोनच शब्द थोडे वरचे आहेत. तेवढे पुरतात.

'नाइस' म्हटलं म्हणून कुणी गुण कापत नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. एकदा म्हणा, हरकत नाही. दोन मिनिटांत सात वेळा आलं, की परीक्षकाला कळतं की याच्याकडे दुसरं काही नाही. उलट पाठ केलेलं उत्तरही त्याला ओळखू येतं: अचानक वेग वाढतो, सूर सपाट होतो, आणि आत्ताच 'ही गो टू मार्केट' म्हणणारा 'पिक्चरेस्क' म्हणू लागतो.

मग तयारीच्या त्या एका मिनिटात कागदावर काय लिहायचं? विशेषणं सोडून वस्तू आणि हालचाली: बांबू, दोरी, जबडे, वास, आत्या, पाऊस. सहा शब्द झाले, प्रत्येकाला दोन-तीन वाक्यं, की दोन मिनिटं भरतात. सरावासाठी फोनवर रेकॉर्डिंग करून ऐकावं आणि प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारावा: हे बोर्डीबद्दल किंवा गोव्याबद्दलही जसंच्या तसं म्हणता येईल का? 'येईल' असं उत्तर आलं की ते वाक्य बदलायचं.

कार्ड संपलं की तिसऱ्या भागात परीक्षक त्याच विषयावर व्यापक प्रश्न विचारतो. किनाऱ्यावरची गावं का बदलत आहेत, हा त्यातला सहज येणारा प्रश्न. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली आणि मच्छीमारांचा विरोध त्याच्या कितीतरी आधीपासूनचा. या मुलीच्या घरात ही चर्चा रोज जेवताना होते. 'लाइव्हलीहूड', 'कॉम्पन्सेशन', 'फिशिंग ग्राउंड्स' हे तीन शब्द तिने आधी शिकून ठेवले, तर या प्रश्नाला तिच्याकडे चार मिनिटं पुरेल एवढं उत्तर आहे.