जुना लेख पुन्हा टाकण्याआधी

2023 च्या पावसाळ्यात एका खालांचा फोन आला. मुलगी सहावीत, आणि आमचा प्री-मॅट्रिक शिष्यवृत्तीचा लेख वाचून त्या दोन दिवस कामावर खाडा करून उत्पन्नाच्या दाखल्यासाठी फिरल्या होत्या. दाखला मिळाला. शाळेत गेल्यावर कळलं की सहावीला ही शिष्यवृत्ती आता नाहीच. केंद्राने 2022 च्या नोव्हेंबरमध्येच ती नववी-दहावीपुरती मर्यादित केली होती. पहिली ते आठवीचं शिक्षण हक्काच्या कायद्यानुसार मोफत आहे, हे त्याचं कारण दिलं गेलं.

चूक आमची होती, आणि साध्या विसरभोळेपणाची नव्हती. तो लेख 2018 चा, आमचा सर्वांत जास्त वाचला गेलेला. त्या आठवड्यात हाताशी नवं काही नव्हतं, म्हणून मी त्याची तारीख बदलली, चित्र नवं लावलं आणि ग्रुपांमध्ये पुन्हा पाठवला. आतला मजकूर वाचलाही नाही. चाललेला लेख आहे, पुन्हा चालेल, एवढाच हिशोब. चाललाही, खालांपर्यंत पोहोचलाच ना!

तेव्हापासून माझं एक ठाम मत झालं आहे. सदाबहार लेख आणि ताजा लेख असे दोन वेगळे ढीग नसतात. बहुतेक उपयोगी लेखांत दोन्ही एकत्र मिसळलेले असतात, आणि आपलं काम ते वेगळे करण्याचं आहे.

शिष्यवृत्तीच्याच लेखाकडे बघा. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांकडून मिळतो आणि त्यासाठी सेतू केंद्रात किंवा आपले सरकार पोर्टलवर अर्ज करावा लागतो. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात, म्हणून ती जोडणी बँकेत आधीच तपासावी. आधार, शाळेचा दाखला आणि बँक पासबुक यांतलं नाव अक्षरशः सारखं असावं, नाहीतर पडताळणीत अर्ज अडकतो. हे वर्षानुवर्षं फारसं हलत नाही. कोणती इयत्ता पात्र, पोर्टल उघडलं का, शेवटची तारीख कोणती, नोंदणीची नवी पद्धत काय, हे मात्र दर वर्षी तपासावं लागतं. आम्ही दोन्ही एकाच परिच्छेदात कालवलं होतं. म्हणून एक वाक्य शिळं झालं आणि अख्खा लेख खोटा ठरला.

दुरुस्ती आम्ही अशी केली. मूळ लेखात फक्त न हलणारा भाग ठेवला. सर्वांत वर एक छोटी चौकट आहे: सध्या पात्र इयत्ता, पोर्टलची स्थिती, आणि 'शेवटची तपासणी' अशी तारीख. मुदतवाढ किंवा नवा नियम आला की वेगळी छोटी बातमी लिहायची, तिच्यातून मूळ लेखाकडे दुवा द्यायचा आणि त्याच दिवशी चौकटही बदलायची. मुदत उलटली की बातमीच्या पहिल्याच ओळीत 'मुदत संपली' लिहायचं. बातमी मरते, मूळ लेख जगतो. ताज्या मजकुराचा आलेला वाचक सदाबहार लेखापर्यंत जातो, म्हणजे एकाची मेहनत दुसऱ्याच्या उपयोगी पडते.

पत्त्याचाही घोळ होता. लेखाचा पत्ता `/pre-matric-2018/` असा होता. नवा लेख वेगळ्या पत्त्यावर टाकला असता तर पाच वर्षांत इतरांनी दिलेले दुवे जुन्याकडेच जात राहिले असते, आणि शोधात आमचेच दोन लेख एकमेकांशी भांडले असते. म्हणून साल नसलेला `/pre-matric/` हा पत्ता केला आणि जुन्यावरून कायमचं वळण, म्हणजे 301, लावलं. पुढे पत्ता बदलायची गरज पडू नये, हा हेतू. तारखेचं म्हणाल तर प्रकाशनाची मूळ तारीख तशीच ठेवली आणि बदलाची वेगळी दाखवली. मजकूर न बदलता तारीख ताजी करणं ही वाचकाची फसवणूक आहेच. गूगलही आपल्या मार्गदर्शनात नेमका हाच प्रश्न विचारतं: पान ताजं दिसावं म्हणून नुसती तारीख बदलता का?

आता कोणता जुना लेख जिवंत करायचा? एकूण वाचकसंख्या बघून ठरवू नका. आमच्या यादीत वर असलेला एक लेख एका गाजलेल्या बातमीवरचा होता. त्याचा आलेख पहिल्या आठवड्यात उंच आणि नंतर सपाट. तो पुन्हा वर काढून कुणाचं भलं होणार? आलेख कमी उंच असला तरी चालेल, पण दर वर्षी त्याच हंगामात उठणारा हवा. सर्च कन्सोलमध्ये 16 महिन्यांचा हिशोब मिळतो, म्हणजे दोन हंगाम ताडून बघता येतात. जे पान खूप वेळा दिसतं, पण पाचव्या ते पंधराव्या जागेवर अडकल्याने कमी उघडलं जातं, तिथे दुरुस्तीची मेहनत सर्वांत जास्त फळते. हंगाम ताडताना रमजान-ईदच्या मजकुराबाबत एक सांभाळा. आपल्याकडे पहिला रोजा 2024 ला 12 मार्चला होता, 2025 ला 2 मार्चला. मार्चची मार्चशी तुलना केलीत तर वाचक वाढले की घटले हे चुकीचंच कळेल. रोज्यापासूनचे दिवस मोजून तुलना करा.

त्याच कन्सोलमध्ये लोक कोणते शब्द टाइप करून येतात तेही दिसतं. मला सर्वांत जास्त शिकवलं ते या यादीने. 'सहावी शिष्यवृत्ती अल्पसंख्याक' असं शोधत लोक अजूनही येत होते. आमच्यातल्या एकाचं म्हणणं, योजना बंद तर लेख काढून टाकू. मी विरोध केला. लेख काढला तर तो माणूस दुसऱ्या कुणाच्या शिळ्या लेखावर जाऊन तेच हेलपाटे घालेल. त्याला हवं आहे ते उत्तर 'नाही' असं असलं तरी उत्तरच आहे, आणि ते पहिल्या ओळीत हवं. मौलाना आझाद फेलोशिपचा लेखही आम्ही तसाच ठेवला. ती 2022-23 पासून बंद झाली, हे शीर्षकातच आहे, आणि खाली यूजीसीच्या जेआरएफची माहिती.

एका गोष्टीवर मात्र आमच्याकडे इलाज नाही. व्हॉट्सॲपवर फिरणारी आमची जुनी चित्रं. लेख दुरुस्त होतो, चित्र होत नाही. म्हणून आता चित्रावर नियम लिहीतच नाही. शैक्षणिक वर्ष मोठ्या अक्षरात आणि लेखाचा पत्ता, बस.

प्रमाण किती असावं, असं तरुण मुलं विचारतात. सत्तर-तीस वगैरे आकडे मला पटत नाहीत. उलटं मोजा. वर्षातून दोनदा, पोर्टल उघडण्याआधी आणि उघडल्यावर, तुमच्यातली माणसं किती लेख ओळ न् ओळ तपासू शकतात? आम्ही तिघं आहोत, नोकरी-अभ्यास सांभाळून वीस लेख होतात. म्हणून आमचे सदाबहार लेख वीसच. एकविसावा लिहायचा झाला तर एक कमी करावा लागतो, आणि त्यावरून आमचं दर वेळी भांडण होतं. गेल्या वेळी भाडेकराराचा लेख गेला. मला तो अजून हवा होता.