‘नो-लॉग्ज’ म्हणजे नेमके काय? व्हीपीएन घेण्यापूर्वी हे चार मुद्दे तपासा

जवळपास प्रत्येक व्हीपीएन कंपनीच्या जाहिरातीत ‘नो-लॉग्ज’ असे लिहिलेले असते. पण उद्या पोलिस कंपनीच्या दारात आले, तर त्यांच्या हाती काय लागेल? व्हीपीएनचे पैसे भरण्यापूर्वी विचारायचा खरा प्रश्न हाच आहे.

लॉग: दोन कंपन्या, दोन अनुभव

२०१७ मध्ये अमेरिकेतील सायबर छळाच्या एका प्रकरणात प्युअरव्हीपीएनच्या नोंदी एफबीआयला उपयोगी पडल्या. ग्राहक कोणत्या संकेतस्थळांवर जातो, हे कंपनी नोंदवत नव्हती. मात्र तो कोणत्या आयपी पत्त्यांवरून जोडला गेला, याची नोंद होती. त्यातून त्याच्या घराचा आणि कार्यालयाचा माग लागला. म्हणूनच धोरण वाचताना ‘ॲक्टिव्हिटी लॉग’वर थांबू नका, ‘कनेक्शन लॉग’, म्हणजे मूळ आयपी आणि वेळ, यांबद्दल काय लिहिले आहे ते शोधा.

याउलट, एप्रिल २०२३ मध्ये स्वीडिश पोलिस झडतीचे वॉरंट घेऊन मुलवाड या कंपनीच्या कार्यालयात गेले. हवी ती माहिती साठवलेलीच नाही, हे कंपनीने दाखवून दिल्यावर ते रिकाम्या हाताने परतले.

देश महत्त्वाचा, पण किती?

प्युअरव्हीपीएन तेव्हा हाँगकाँगची कंपनी होती, तरीही नोंदी अमेरिकेत पोहोचल्या. स्वीडन पाश्चात्त्य देशांच्या गुप्तचर सहकार्यात आहे, तरीही काही मिळाले नाही. थोडक्यात, कंपनी कोणत्या देशात आहे यापेक्षा तिथला कायदा नोंदी ठेवायला भाग पाडतो का, हे पाहा. भारतात ‘सर्ट-इन’च्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकाचे नाव, पत्ता, फोन आणि दिलेला आयपी किमान ५ वर्षे जपावा लागतो. त्यामुळेच एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क आणि नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातील सर्व्हर काढून घेतले.

ऑडिट कशाचे?

‘स्वतंत्र ऑडिट झाले’ एवढ्यावर समाधान मानू नका. ते फक्त ॲपच्या सुरक्षेचे होते, की सर्व्हरवर लॉग साठतात का हेही तपासले गेले? अहवाल कोणाचा, कोणत्या वर्षाचा आणि पूर्ण वाचता येतो का? ऑडिट तपासणीच्या दिवसांपुरतेच बोलते, म्हणून ते दरवर्षी होणे चांगले.

पैसे कसे भरता?

यूपीआय किंवा कार्डाने पैसे भरले, की खात्याशी तुमचे नाव जोडले जाते. मुलवाड ईमेलही मागत नाही. फक्त खाते क्रमांक देते आणि पाकिटातून पाठवलेली रोख रक्कमही स्वीकारते. लॉग खरोखरच नसतील, तर बँकेच्या नोंदीतून तुम्ही व्हीपीएन घेतला एवढेच कळेल. लॉग असतील, तर मात्र तीच नोंद त्यांना तुमचे नाव देईल.

म्हणून आधी लॉग, मग कायदा, त्यानंतर ऑडिट आणि शेवटी पैसे, या क्रमाने तपासा. एवढे करूनही व्हीपीएन सुरू असताना तुम्ही स्वतःच्या गुगल खात्यात लॉग-इन केलेत, तर गुगलला तुम्ही कोण हे कळणारच.